भिंत बुजवण्याआधी

नव्या बाथरूममध्ये पाइप बसले, की प्लंबर गच्चीवरच्या टाकीचं पाणी लाइनमध्ये सोडतो. दोन दिवस कुठे थेंब दिसत नाही. मग मिस्त्री झिऱ्या बुजवतो, गिलावा होतो, टाइल लागते. आठ-दहा महिन्यांनी पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीवर रंगाला फुगे येतात किंवा खालच्या घरातला शेजारी छताचा फोटो पाठवतो. त्या दोन दिवसांत गळती नव्हती असं नाही. ती दाखवण्याइतका दाब टाकीच्या पाण्यात नव्हता, एवढंच.

हिशेब सोपा आहे. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब. प्लंबर त्याला नुसतं ‘एक किलो’ म्हणतात, आपणही तसंच म्हणू. तळमजला आणि वर एक मजला असं घर घ्या. टाकीतल्या पाण्याची पातळी गच्चीपासून अडीच मीटर वर आहे. वरच्या मजल्यावरचा नळ जमिनीपासून मीटरभर उंच असेल, तर त्याच्या डोक्यावर साडेचार मीटर पाणी, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी दाब. तळमजल्यावर पाऊण किलो. एवढ्या दाबाला चुकीचा जॉइंटसुद्धा पाणी धरून ठेवतो.

याचं कारण फिटिंगच्या घडणीत आहे. आज बहुतेक घरांत सीपीव्हीसीचा फिकट पिवळसर पाइप वापरतात. त्याच्या एल्बोचं किंवा टीचं तोंड आतून किंचित निमुळतं असतं. सिमेंट न लावता पाइप आत दाबला, तर तो थोडं अंतर जाऊन घट्ट अडकतो. माप जुळवण्यासाठी प्लंबर आधी सगळी जोडणी अशी कोरीच लावून बघतो, आणि ती पद्धत योग्यच आहे. नंतर एकेक जॉइंट सोडवून, सॉल्व्हंट सिमेंट लावून तो पुन्हा बसवायचा असतो. दोन बाथरूमच्या कामात शंभराच्या आसपास जॉइंट होतात. त्यातला एखादा कोराच राहिला, तर डोळ्यांना कळत नाही. अर्धा किलो दाबाखाली तो महिनोन्‌महिने गुपचूप बसतो. मग घरात दोन-अडीच किलोचा प्रेशर पंप येतो, किंवा पाव फेऱ्यात झटकन बंद होणारा लिव्हरचा नळ रोज आपटला जातो. धावणारं पाणी एकदम थांबलं, की क्षणभर दाब नेहमीच्या कित्येक पट चढतो. त्या धक्क्यांनी कोरा जॉइंट एक दिवस सरकतो.

म्हणून भिंत बुजवण्याआधी हातपंपाने दाब चढवून लाइन तपासायची असते. पण ही तपासणी नीट होणं न होणं बऱ्याच अंशी पाइप कुठून नेला आणि कोणता नेला यावर ठरतं. त्यामुळे आधी तिकडे वळू.

पाइप कुठून न्यायचा, यावर माझं मत ठाम आहे: आडवी लाइन वर, उभे ड्रॉप भिंतीत आणि जमिनीखाली काहीही नको. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब खोल घेतलेला असतो. त्या संकमध्ये वॉटरप्रूफिंग, विटांचा कोबा आणि सांडपाण्याचे पाइप असतात. नळाचे पाइपही तिथूनच नेले तर लांबी वाचते, म्हणून बरेच प्लंबर तसं करतात. पण तिथे गळती झाली, तर पाणी आधी कोब्यात मुरतं, पसरतं आणि भलत्याच ठिकाणी उतरतं. खालच्या घराच्या हॉलमध्ये डाग दिसतो आणि गळती असते बाथरूमच्या दुसऱ्या टोकाला. त्यातही पाणी नळाच्या पाइपाचं, सांडपाण्याचं की वॉटरप्रूफिंगमधून झिरपलेलं, हे ओळखायला दिवस जातात.

त्याऐवजी गरम आणि गार पाण्याच्या मुख्य लाइन बाथरूमच्या छताला लागून, क्लॅम्पवर, उघड्या न्याव्यात. खाली फॉल्स सीलिंग येणारच असतं, किंवा माळा असतो. तिथून प्रत्येक नळापाशी उभा पाइप भिंतीतून खाली उतरवावा. टी आणि बहुतेक एल्बो वर, हाताच्या अंतरावर राहतात. भिंतीत उरतो तो सरळ पाइप आणि टोकाचा पितळी धाग्याचा एल्बो. गळती पाइपाच्या मधल्या भागात क्वचित होते, ती जॉइंटला होते. म्हणून भिंतीतले जॉइंट कमी केले, की भिंतीतला धोकाही त्याच प्रमाणात कमी होतो. प्रत्येक बाथरूमला छताखाली गरमचा एक आणि गारचा एक बॉल व्हॉल्व्ह ठेवला, तर पुढे दुरुस्तीच्या वेळी अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही.

उभ्या ड्रॉपचा आग्रह भिंतीसाठीही आहे. बांधकामाच्या भारतीय मानकांचा नियम असा, की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नसावी आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा. नऊ इंची भिंतीत उभ्या झिरीला तीन इंच मिळतात, तिथे अडचण नाही. चार इंची भिंतीत मात्र आडव्या झिरीला पाऊण इंचही मिळत नाही. तेवढ्यात पाऊण इंची पाइप आणि त्यावरचा माल बसणं अशक्य. तरीही मिस्त्री छिन्नी-हातोड्याने आडवी झिरी मारतो आणि पातळ भिंत मध्येच कापली जाते. झिरीच्या कडा आधी कटर मशीनने कापून घ्याव्यात, मगच आतला भाग फोडावा. छिन्नीच्या दणक्यांनी विटा सांध्यातून हलतात. आरसीसी कॉलम किंवा बीम मात्र पाइपासाठी कधीही कापू देऊ नये. पाइप अडत असेल, तर वळसा घ्यावा.

आता पाइप कोणता? जुन्या इमारतींत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप सापडतो. ओल्या भिंतीत जस्त हळूहळू संपतं आणि लोखंड गंजतं. बोअरच्या जड पाण्याने आतून क्षार साचतात आणि भोक अरुंद होतं. नव्या कामात तो भिंतीत गाडायचं आता कारण उरलेलं नाही. पांढरा यूपीव्हीसी गार पाण्याला चालतो, पण साधारण 45 अंशांपुढे तो त्याच्या कामाचा नाही, म्हणून गिझरनंतरच्या लाइनला कधीही लावू नये. दोन्ही पाइप शेजारी पडलेले असतात आणि एखादा तुकडा कमी पडला, की पांढरा जोडला जातो. यावर लक्ष ठेवावं लागतं. पीपीआर हा गरम यंत्राने वितळवून जोडायचा पाइप उत्तम आहे. पण त्याचं यंत्र नीट चालवणारा कारागीर हवा. जास्त वेळ तापवलं, तर आतला वितळलेला भाग गोळा होऊन भोक बंद करतो. तांबं टिकाऊ आहे, पण महाग, आणि झाळ मारणारा चांगला हात हवा.

घरगुती कामात म्हणूनच सीपीव्हीसी रुळला आहे. घेताना त्यावरची छपाई वाचावी. भारतीय मानकाचा क्रमांक आयएस 15778 आणि ‘एसडीआर 11’ किंवा ‘एसडीआर 13.5’ असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. आकडा लहान, तितका पाइप जाड. एसडीआर 11 चा पाइप 23 अंशांना सुमारे 28 किलो दाब सोसतो, पण 82 अंशांना फक्त सुमारे 7 किलो. तापमान वाढलं, की प्लास्टिकची ताकद अशी घटते. भिंतीत गाडायचा असेल, तर गार पाण्यालाही मी एसडीआर 11 च सांगतो. संपूर्ण बाथरूममागे किमतीतला फरक एका चांगल्या नळाइतकाही नसतो.

मापाची गफलत इथे सर्रास होते. जुन्या घरातला अर्ध्या इंची जीआय काढून प्लंबर अर्ध्या इंची सीपीव्हीसी घालतो आणि मालकाला वाटतं, जशास तसं झालं. पण अर्ध्या इंची मध्यम जाडीच्या जीआयचं आतलं भोक सुमारे 16 मिलिमीटर असतं आणि एसडीआर 11 सीपीव्हीसीचं साडेबारा. भोकाचं क्षेत्रफळ जवळपास 40 टक्क्यांनी कमी झालं. नवं बाथरूम, महागडा शॉवर आणि पाण्याला जोर नाही, या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. टाकीच्या दाबावर चालणाऱ्या घरात मुख्य लाइन एक इंची, बाथरूमची फांदी आणि शॉवरचा ड्रॉप पाऊण इंची ठेवावा. अर्धा इंच फक्त वॉश बेसिन आणि फ्लशच्या टाकीला.

गरम लाइनची एक बाब वेगळी सांगायला हवी. सीपीव्हीसी तापला, की लांबतो. तीन मीटरचा पाइप 40 अंशांनी तापला, तर त्याला सात मिलिमीटर जास्त जागा हवी असते. चारी बाजूंनी कडक सिमेंटमध्ये दाबला, तर ही ओढाताण शेवटी एल्बोवर येते. म्हणून गरम लाइनला फोमची नळी चढवून मगच झिरीत बसवावं, निदान वळणांपाशी तरी. पाणी नळापर्यंत गरम पोहोचतं, हा वरचा फायदा.

जॉइंट करताना कारागिराच्या हाताकडे बघत राहावं. पाइप हॅक्सॉने तिरका न कापता कटरने काटकोनात कापलेला असावा. आतली-बाहेरची कोर साफ केलेली असावी. सिमेंट सीपीव्हीसीचंच असावं, यूपीव्हीसीच्या डब्यातलं नव्हे. पाइपाला सगळीकडून आणि फिटिंगला आतून पातळ हात द्यावा, पाइप पाव फेरा फिरवत तळापर्यंत घुसवावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा, नाहीतर तो स्वतःच मागे सरकतो. नीट झालेल्या जॉइंटच्या तोंडाशी सिमेंटची बारीक अखंड कडी दिसते. ती कुठे तुटलेली असेल, तर तो जॉइंट संशयित. धाग्याच्या जागी प्लास्टिकऐवजी पितळी धाग्याचं फिटिंग आणि त्यावर टेफ्लॉन टेप. जीआयच्या काळातला सुताचा आणि सफेद्याचा हात इथे लावू नये. सूत घालून आवळलं, की प्लास्टिक ताणून चिरतं, आणि तेलकट लेपांनी सीपीव्हीसी ठिसूळ होऊ शकतो.

जोडणी संपली, की चोवीस तास हात लावायचा नाही. पावसाळ्यात आणि थंडीत त्याहून थोडा जास्त वेळ द्यावा. मग चाचणी.

चाचणीचा पंप हा हाताने दांडी मारायचा छोटा पंप असतो, पत्र्याच्या पेटीत पाणी, बाजूला गेज. तो भाड्याने मिळतो. पाइपाच्या मोठ्या कंपन्यांचे विक्रेतेही बऱ्याचदा माणूस पाठवून चाचणी करून देतात, विचारायला हवं. सगळ्या नळांच्या तोंडांना प्लग लावायचे. गिझरच्या जागी गरम आणि गारची तोंडं एका नळीने जोडायची, म्हणजे दोन्ही लाइन एकत्र तपासता येतात. खरा गिझर जोडलेला नसावा. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हला आठ किलोच्या आसपास सुटायचं काम दिलेलं असतं. भिंतीत डायव्हर्टर बसवला असेल, तर त्याच्या कंपनीने दिलेली दाबाची मर्यादा आधी वाचावी.

इथे दोन गोष्टींकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. पहिली म्हणजे गेजची जागा. गेज पंपावरच असेल, तर पंपाचा झडप झिरपला तरी काटा उतरतो आणि निर्दोष लाइनवर संशय येतो. त्याहून वाईट म्हणजे, काटा उतरला तरी ‘पंपच तसा आहे’ असं म्हणायला प्लंबर मोकळा. पंप आणि लाइन यांच्यामध्ये बॉल व्हॉल्व्ह लावायचा आणि व्हॉल्व्हच्या पुढे, लाइनच्या बाजूला, स्वतंत्र गेज. दाब चढला, की व्हॉल्व्ह बंद. आता काटा जे सांगतो ते लाइनबद्दलच.

दुसरी गोष्ट हवा. लाइन सर्वांत खालच्या तोंडातून भरायची आणि सर्वांत वरचा प्लग सैल ठेवून बुडबुडे संपेपर्यंत पाणी वाहू द्यायचं. दोन बाथरूमच्या गरम-गार लाइन मिळून तीस मीटर पाइप धरला, तर त्यात सहा लिटरच्या आसपास पाणी मावतं. पाणी जवळजवळ दबत नाही, पाइप किंचित फुगतो. दहा किलोपर्यंत दाब चढवायला त्या सहा लिटरांत आणखी फक्त 25 मिलिलिटरच्या आसपास पाणी ढकलावं लागतं. म्हणजेच तेवढं बाहेर गेलं, की काटा शून्यावर. दर दहा मिनिटांना एक थेंब अशी गळती दिवसाला सात मिलिलिटर होते, आणि तेवढीसुद्धा काट्यावर दोन-अडीच किलोंची घसरण म्हणून दिसते. या चाचणीची सगळी ताकद इथे आहे. पण लाइनमध्ये अर्धा लिटर हवा अडकली असेल, तर ती स्प्रिंगसारखी फुगून पाण्याची जागा भरत राहते, आणि त्याच गळतीला काटा जेमतेम एक किलो हलतो. हवेत ताकदही साठते. फिटिंग निसटलं, तर ते गोळीसारखं सुटतं. म्हणूनच प्लास्टिकच्या लाइनची चाचणी कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही करायची नाही.

दाब किती चढवायचा? सर्वसाधारण नियम कामाच्या दाबाच्या दीडपटीचा आहे. पण घरात सीपीव्हीसीची कन्सिल्ड लाइन सात ते दहा किलोवर तपासायची रीत आहे आणि ती योग्य आहे, कारण उद्या पंप बसणार आहे आणि नळ आपटले जाणार आहेत. पाइप कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा असेल, तर तो पाळावा. दाब एकदम चढवू नये. दोन-तीन किलोवर थांबून सगळे प्लग बघावेत, मग पुढे जावं. दहा किलोला पोहोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काटा थोडा उतरतोच, कारण पाइप ताणून स्थिरावतो. पुन्हा दहावर आणायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि वेळ लिहून ठेवायची.

साताऱ्याजवळच्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ही चाचणी मी करून घेतली, तेव्हाचे आकडे देतो. दोन बाथरूम, लाइन साधारण वर सांगितली तेवढीच. प्लंबर अनुभवी, हात चांगला. पंप आणायला सांगितला तेव्हा त्यांचं म्हणणं, “साहेब, दोन दिवस टाकी सोडून बघितलीय. एक थेंब नाही. उद्या मिस्त्री येतोय झिऱ्या भरायला.” तरी मिस्त्रीला दोन दिवस थांबवलं.

संध्याकाळी सहाला काटा दहावर ठेवला. सकाळी सातला तो साडेसहावर होता.

“रात्री गारठा होता साहेब, त्यानं उतरला असणार,” प्लंबर म्हणाले. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. रात्री पाच-सहा अंशांनी थंडावा आला, तर पाणी पाइपापेक्षा थोडं जास्त आकसतं आणि दाब पाऊण-एक किलो उतरू शकतो. पण थंडीने उतरलेला काटा दुपारी उन्हाबरोबर परत चढतो. म्हणून चाचणीचे दोन आकडे चोवीस तासांच्या अंतराने, दिवसाच्या एकाच वेळी घ्यायचे असतात. आम्ही संध्याकाळी सहापर्यंत थांबलो. काटा पाचवर. तो परत चढला नव्हता, उतरतच गेला होता.

जॉइंट सगळे उघडे होते, पण कुठेच पाणी दिसत नव्हतं. दिवसाला दहा-बारा मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच चमचे. तेवढं बाहेर येता येता वाळून जातं. आधी प्लग कोरडे पुसून बघितले, कारण निम्म्या वेळा गळती तिथेच असते आणि मग उगाच लाइन फोडली जाते. प्लग कोरडेच राहिले. मग गिझरच्या जागची जोडनळी काढून तिथेही प्लग लावले आणि दोन्ही लाइन वेगळ्या केल्या. गार लाइनवर दहा किलो ठेवला, तासाभरात काटा हलला नाही. गरम लाइनमध्ये पाणी निम्मं, त्यामुळे तेवढीच गळती काट्यावर जास्त ठळक दिसते, आणि तसंच झालं. तासाभरात तो अर्धा किलो खाली.

आता गरम लाइनच्या प्रत्येक जॉइंटभोवती वर्तमानपत्राच्या कागदाची एकेक पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधली. सकाळी सगळ्या पट्ट्या कोरड्या होत्या, एक सोडून. मोठ्या बाथरूममध्ये गिझरकडून शॉवरकडे वळणाऱ्या एल्बोची पट्टी नखाएवढ्या भागात ओली होती. प्लंबरने फोम बाजूला केला, बोट फिरवलं आणि काही न बोलता कटर काढला. एल्बोच्या एका तोंडाला सिमेंटची कडी होती, दुसऱ्याला नव्हती. ते कोरंच होतं. कापून हातात घेतलं, तर पाइप जोर लावून पिळल्यावर सरळ बाहेर आला.

नवा एल्बो आणि कपलर टाकून चोवीस तास ठेवलं आणि दोन्ही लाइन जोडून पुन्हा दहा किलो. संध्याकाळी सहाला दहा, सकाळी सातला 9.3, दुसऱ्या संध्याकाळी सहाला 9.9. सकाळची घसरण थंडीची होती आणि ती भरून निघाली. लाइन पास. त्या कोऱ्या जॉइंटवर टाकीचा दाब अर्धा किलोही नव्हता. त्या आधाराने तो टाइलखाली निवांत राहिला असता.

चाचणी झाल्यावर लाइन रिकामी करू नये. दाब दोन-तीन किलोवर आणून तसाच ठेवावा आणि गेजही जागेवर राहू द्यावा. झिऱ्या भरताना, गिलावा करताना, टाइल बसवताना कुणाचा खिळा किंवा कटर पाइपाला लागला, तर काटा लगेच पडतो आणि कोणत्या दिवशी, कोणत्या भिंतीवर काम चाललं होतं हे समोर असतं. झिऱ्या भरण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा आणि त्यात मोजपट्टी दिसावी: कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर, जमिनीपासून किती उंच. पुढे टॉवेल रॉडसाठी किंवा शॉवरच्या काचेसाठी ड्रिल मारायची वेळ येते, तेव्हा हा फोटो लागतो.

या सगळ्यातून सुटणारी एक फट मात्र आहे आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. नळाचा पितळी एल्बो भिंतीत बसवताना त्याचं तोंड टाइलच्या पृष्ठभागाशी बरोबर यायला हवं. विटेपासून गिलावा, चिकटवायचा माल आणि टाइल मिळून तीस-पस्तीस मिलिमीटर जाडी चढते. तो अंदाज चुकला, तर एल्बो खोल राहतो. मग टाइल लागल्यावर नळ बसवायला येणारा माणूस मध्ये पितळी एक्स्टेन्शनचा तुकडा घालतो. हा जॉइंट भिंतीच्या आत असतो आणि तो चाचणीनंतर झालेला असतो. दहा किलोचा दाब त्याने कधी पाहिलेलाच नाही. तो झिरपला, तर पाणी टाइलमागे उतरतं आणि मालक म्हणतो, चाचणी तर केली होती. यावर दोन उपाय आहेत. पहिला, एल्बो बसवण्याआधी भिंतीवर गिलाव्याच्या आणि टाइलच्या जाडीचे ठोकळे लावून पातळी ठरवायची. डायव्हर्टरच्या प्लास्टिकच्या झाकणावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात, टाइलचा पृष्ठभाग त्यांच्या मध्येच यायला हवा. दुसरा, एक्स्टेन्शन लागलंच, तर ते लावून, त्याच्या तोंडाला प्लग घालून पुन्हा एक दिवस दाब द्यायचा. पंप पुन्हा भाड्याने आणावा लागतो, पण एक टाइल फोडून बसवण्याच्या खर्चापुढे ते भाडं किरकोळ आहे.

आणि ही चाचणी नळाच्या पाइपांची आहे, वॉटरप्रूफिंगची नाही. संकमध्ये पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवायची तपासणी वेगळी आणि ती वेगळीच करावी लागते. सांडपाण्याच्या पाइपांचीही वेगळी.

घराचं किंवा बाथरूमच्या नूतनीकरणाचं काम देताना ठेकेदाराच्या कागदावर एक ओळ लिहून घ्या: कन्सिल्ड लाइन दहा किलोवर, किंवा पाइप कंपनी सांगेल तितक्या दाबावर, चोवीस तास तपासली जाईल, दोन्ही वेळांचे आकडे आणि गेजचा फोटो मालकाला दिला जाईल आणि त्यानंतरच झिऱ्या भरल्या जातील. प्लंबिंगचा एक हप्ता त्या फोटोशी बांधा. आणि काटा दहावर ठेवला, की दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो बघायला स्वतः जा.